कंबाइनचा अभ्यास: तास मोजणं बंद करा, रोजचं टार्गेट प्रश्न आणि पानांत कसं ठरवायचं

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा शास्त्री रोडला कुठल्याही अभ्यासिकेत रात्री चहाला बाहेर पडलेल्या पोरांचं बोलणं ऐकलं तर एक प्रश्न हमखास कानावर येतो, "आज किती तास झाले?" आणि उत्तर येतं दहा, अकरा, कुणाचे बारा. मोबाइलवर स्टडी टायमर असतो, त्यात ग्रुप असतो, ग्रुपमध्ये कुणाचे किती तास झाले ते सगळ्यांना दिसतं, मग आपला आकडा खाली राहू नये म्हणून माणूस सीट सोडत नाही. पण त्या बारा तासांत नेमकं काय झालं असं विचारलं तर "पॉलिटी केली" एवढंच सांगता येतं. पॉलिटीतलं काय, किती पानं, त्यातलं आत्ता पुस्तक मिटून किती सांगता येईल, हे सांगता येत नाही, कारण ते मोजलेलंच नसतं.

एमपीएससीच्या गट ब संयुक्त पूर्वला १०० प्रश्न, १०० मार्क आणि एक तास असतो. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, आणि चार प्रश्न चुकले की एक मार्क कापला जातो. त्या एका तासात तुम्ही खुर्चीवर किती महिने बसलात ते कुणी विचारत नाही, ३६ सेकंदात आठवतंय का आणि जे आठवतंय ते पक्कं आहे का एवढंच तपासलं जातं. मग रोजच्या अभ्यासाचं माप सुद्धा त्याच गोष्टीचं पाहिजे, किती प्रश्न सोडवले आणि किती पानं न बघता आठवली. हे माप कसं ठरवायचं, त्यात काय गडबड होते आणि ती कशी ओळखायची ते मी इथे कंबाइन पूर्वचं उदाहरण धरून सांगतोय. दुसरी परीक्षा देत असाल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी एकक पक्कं करा, नाहीतर सगळं फुकट

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवणार आहे कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. "रोज ४० पानं" असं टार्गेट घेतलं आणि पान झालं म्हणजे काय ते ठरवलं नाही, तर तिसऱ्या दिवशी तुम्ही पानं नुसती उलटायला लागता. डोळे ओळींवरून फिरतात, सगळं ओळखीचं वाटतं, हायलायटरचे पिवळे पट्टे दिसतात आणि पान झालं असं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेपरला दुसरी लागते. यावर रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायचा सराव केला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते, पण एका आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. रिव्हिजन केल्या संध्याकाळी सगळं येतं आणि पेपरला दोन ऑप्शनमध्ये अडकायला होतं, त्याचं मोठं कारण हेच आहे.

म्हणून पान कधी मोजायचं ते असं ठरवा. पानावरचं फक्त हेडिंग बघायचं, बाकी पान वहीने झाकायचं, त्यात काय आहे ते रफ पानावर मोडक्यातोडक्या शब्दांत लिहायचं किंवा पुटपुटायचं, मग वही उचलून तपासायचं. जे सुटलं त्याच्यासमोर पेन्सिलने एक टिंब द्यायचं. पानावर तीनपेक्षा जास्त टिंबं आली तर ते पान आज मोजायचं नाही, वाचून ठेवायचं आणि उद्याच्या यादीत टाकायचं. तीन किंवा कमी आली तर पान झालं.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं बघा. समजा पान आहे विधान परिषदेचं. झाकलं आणि आठवायला घेतलं: अनुच्छेद १६९ नुसार निर्मिती किंवा रद्द करणं, १७१ मध्ये रचना, सदस्य विधानसभेच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त नाहीत आणि ४० पेक्षा कमी नाहीत, वय ३०, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त, महाराष्ट्रात ७८. इथपर्यंत बहुतेकांना येतं. पुढे प्रमाण: स्थानिक स्वराज्य संस्था एक तृतीयांश, पदवीधर एक बारांश, शिक्षक एक बारांश, विधानसभा सदस्यांकडून एक तृतीयांश, राज्यपाल एक षष्ठांश. हे पण येईल. पण आता महाराष्ट्राचे प्रत्यक्ष आकडे लिहायला घ्या. ७८ चे एक तृतीयांश म्हणून तुम्ही २६ आणि २६ लिहाल, आणि पान उघडल्यावर दिसेल की विधानसभेकडून ३० आणि स्थानिक संस्थांकडून २२ आहेत, बाकी पदवीधर ७, शिक्षक ७, राज्यपाल नियुक्त १२. हे पान तुम्ही नुसतं वाचलं असतं तर ३० आणि २२ वर नजर गेली असती आणि "हो माहितीये" म्हणून पुढे गेला असता. आठवायला लावलं म्हणून कळलं की डोक्यात भलताच आकडा बसलाय. इथे पडलेल्या दोन टिंबांची किंमत अख्ख्या तासाच्या वाचनापेक्षा जास्त आहे, आणि टिंबं दोनच आहेत म्हणून पान मोजायचं.

प्रश्नाचंही तसंच. प्रश्न सोडवला म्हणजे ऑप्शनवर टिक केली एवढंच नाही. वेळ लावून सोडवायचा, उत्तर तपासायचं, चुकला तर का चुकला त्याचं एक अक्षर लिहायचं, आणि गणित असेल तर सोल्युशन बघितल्यावर ते बंद करून परत स्वतः सोडवायचं, मग तो एक प्रश्न. अक्षरं चारच ठेवा, जास्त केली की कंटाळा येतो. मा म्हणजे माहितीच नव्हती, वि म्हणजे वाचलेलं पण विसरलो, वा म्हणजे प्रश्न वाचण्यात चूक, अं म्हणजे अंदाजाने बरोबर आला. गणितातली आकडेमोडीची चूक वा मध्येच टाका, दोन्ही घाईतूनच येतात. हे शेवटचं अं सगळ्यात महत्त्वाचं, कारण अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न लोक बरोबरमध्ये धरतात आणि तोच टॉपिक पेपरला निगेटिव्ह देऊन जातो. अं ला चूकच धरा.

एक साधा प्रश्न घेऊ. अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १८ दिवसांत. दोघांनी मिळून ४ दिवस काम केलं, मग अ निघून गेला, तर काम पूर्ण व्हायला एकूण किती दिवस लागले? काम ३६ भाग धरा, अ रोज ३ करतो, ब रोज २, चार दिवसांत २० झाले, उरले १६, ब ला लागतील ८ दिवस. ऑप्शनमध्ये ८ असणारच आणि घाईत माणूस ८ टिक करतो, पण विचारलंय एकूण, म्हणजे १२. या चुकीपुढे वा लिहायचं. आठवडाभराची अक्षरं मोजली आणि वा जास्त निघाले तर त्या माणसाला अजून एक गणिताचं पुस्तक घ्यायची गरज नाही, त्याने प्रश्नातल्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावली पाहिजे. मा जास्त असतील तर मात्र परत नोट्सकडे जायला लागेल. तासांची नोंद ठेवली असती तर तिथे फक्त "गणित दोन तास" लिहिलेलं असतं आणि यातलं काहीच कळलं नसतं.

तीन दिवस नुसतं मोजा

एकक ठरलं की लगेच टार्गेट लावू नका. तीन दिवस नेहमीसारखा अभ्यास करा पण वरच्या पद्धतीने, आणि मोजा की तासाला किती होतंय. इथे घड्याळ लागतं, फक्त मापासाठी. घरी असाल तर घरचं माप घ्या, अभ्यासिकेत असाल तर तिथलं, दोन्हीत फरक पडतो. विषयानुसार पण वेगळं माप घ्या, निदान दोन गट करा, नोट्स आणि गणित-बुद्धिमत्ता.

आकडा बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो. नुसतं वाचताना तासाला पंचवीस पानं होत होती ती आठवून करताना सात-आठवर येतात. घाबरू नका, ही पहिल्या फेरीची गती आहे, दुसऱ्या फेरीत तीच पानं जवळपास दुप्पट वेगाने जातात कारण बरंचसं बसलेलं असतं. आणि तीन दिवसांतला सगळ्यात चांगला दिवस माप म्हणून धरू नका, मधला धरा. चांगल्या दिवसावर प्लॅन बांधला की बाकीचे सगळे दिवस फेल वाटतात आणि आठवड्यात प्लॅन सुटतो.

मग साठा मोजा आणि मागून भागाकार करा

आता ७० दिवस राहिलेत असं धरून एक पूर्ण हिशोब करू. एवढ्या दिवसांत नवीन पुस्तकं घ्यायची नसतात, हातात आहे तेच मोजायचं. समजा सगळ्या विषयांच्या नोट्स आणि स्टेट बोर्डातले लागणारे भाग मिळून १००० पानं आहेत, खरोखर शेवटच्या पानांचे नंबर बघून बेरीज करा, अंदाजाने नको. मागच्या वर्षांचे विषयवार प्रश्न, म्हणजे पीवायक्यू, १२०० आहेत आणि गणित-बुद्धिमत्तेचे ५०० प्रश्न करायचे ठरवलेत.

७० दिवसांत १० रविवार. रविवार मोकळे ठेवा, ते कशाला ते पुढे सांगतो. राहिले ६०. शेवटचे १० दिवस पूर्ण पेपरसाठी काढा. राहिले ५०. या ५० दिवसांत नोट्सच्या दोन फेऱ्या करायच्यात. पहिली हळू, दुसरी जलद, म्हणून दिवस सारखे वाटायचे नाहीत, पहिलीला ३२ आणि दुसरीला १८ द्या. पहिल्या फेरीत रोज ३२ पानं येतात आणि दुसऱ्या फेरीत रोज ५६. तुमचं माप पहिल्या फेरीत तासाला ८ आणि दुसऱ्या फेरीत १४ असेल तर दोन्हीकडे रोजचे चार तास होतात. दुसऱ्या फेरीचं माप अजून तुमच्याकडे नसणार, तर आधी केलेलं एखादं प्रकरण परत करून बघा, कळेल.

प्रश्नांचं बघू. १२०० भागिले ५० म्हणजे रोज २४ पीवायक्यू. सोडवून, तपासून, अक्षर लिहून एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटं धरा, म्हणजे पाऊण तास. गणित रोज १०, परत सोडवण्यासकट पाच मिनिटं धरली तर जेमतेम पाऊण-एक तास. आणि आधी चुकलेल्यातले १० प्रश्न परत, वीस मिनिटं. एकूण दोन तासांच्या आसपास. पानं चार तास, प्रश्न दोन तास, करंटला अर्धा तास, म्हणजे साडेसहा तास आणि त्यात सगळं बसतंय.

ज्यांना बारा तासांची सवय आहे त्यांना हे कमी वाटतं. पण हे साडेसहा तास आठवण्याचे आहेत, वाचण्याचे नाहीत, एकदा करून बघितलं की कळतं किती दमायला होतं. आणि संध्याकाळी पाचला टार्गेट संपलं तर उठायचं. हा नियम मनापासून पाळा, कारण टार्गेट संपवल्यावर पण नऊपर्यंत सीटवर बसायचंच असेल तर लवकर संपवायला काही कारणच उरत नाही आणि तुम्ही नकळत परत तासांच्या अभ्यासाकडे जाता.

हिशोब बसत नसेल तर? नोकरी करणारा माणूस आहे, रोज तीनच तास मिळतात, तर रोजची गती वाढवून उपयोग नाही, साठा कमी करावा लागतो. इथे पीवायक्यू मदत करतात. कुठल्या प्रकरणावर मागच्या पाच-सात पेपरमध्ये एकही प्रश्न आला नाही ते बघा आणि ती पानं दुसऱ्या फेरीतून काढून टाका, लागलं तर पहिलीतूनही. गणित-बुद्धिमत्ता मात्र कापू नका, पेपरात त्याचे पंधरा-वीसच्या आसपास प्रश्न असतात आणि तिथे विसरण्याचा धोका कमी, सरावाने मार्क हातात येतात. १००० ची ५०० पानं झाली तरी चालतील पण ती दोनदा आठवून झालेली पाहिजेत.

रोजची नोंद एका ओळीची

फॅन्सी एक्सेल शीट, रंगीत प्लॅनर काही नको. छोटी वही, रोज एक ओळ. अशी:

सोम: पानं ३२/२९, पीवायक्यू २४/२४ (बरोबर १५), गणित १०/१० (बरोबर ७), जुने १०/१० (बरोबर ८), मा ४ वि ३ वा २ अं ३

पहिला आकडा ठरवलेला, दुसरा झालेला. अं वाले बरोबरच्या कंसात धरायचे नाहीत. जुन्या प्रश्नांची अक्षरं परत लिहायची नाहीत, ती पहिल्यांदाच लिहिलेली असतात. या ओळीत तास कुठेच नाहीत. ओळ रात्री झोपताना लिहू नका, प्रत्येक बैठक संपली की तिथल्या तिथे भरा, रात्री आठवून लिहिताना आकडे फुगतात.

दिवसाची वाटणी करताना एक बैठक म्हणजे एक टार्गेट असं करा. सकाळच्या पहिल्या बैठकीत १६ पानं, मग २४ पीवायक्यू, जेवणानंतर गणित कारण तेव्हा वाचताना झोप येते आणि हात चालू असला की येत नाही, मग उरलेली १६ पानं, शेवटी जुने १० आणि करंट. पीवायक्यू शक्यतो आज केलेल्या पानांवरचे घेऊ नका, चार-पाच दिवसांपूर्वीच्या प्रकरणावरचे घ्या. आत्ताच वाचलेल्यावरचे प्रश्न सुटतात, त्यावरून काही कळत नाही.

आजची तीन पानं राहिली तर उद्या ३५ करायची नाहीत. हे लिहून ठेवा. राहिलेलं पुढच्या दिवसात टाकत गेलं की गुरुवारपर्यंत टार्गेट ५० होतं आणि शुक्रवारी माणूस अभ्यासिकेतच येत नाही. राहिलेलं सगळं रविवारच्या यादीत जातं, त्यासाठीच रविवार मोकळा ठेवलाय. लग्नकार्य, आजारपण, गावी जाणं हे पण त्यातच भागतं. रविवारी राहिलेलं नसेल तर सुट्टी घ्या, फक्त खाली सांगितलेली टेस्ट तेवढी द्या.

आकडा खोटा व्हायला लागला हे कसं ओळखायचं

कुठलाही आकडा टार्गेट केला की मन तो आकडा सोप्या रस्त्याने गाठायला बघतं. प्रश्नांच्या टार्गेटमध्ये हे दोन-तीन ठरावीक मार्गांनी होतं.

पहिला म्हणजे सोपे प्रश्न निवडणं. गणिताचे १० करायचेत तर शेकडेवारी आणि सरासरी सारखे येणारेच घेतले जातात आणि नळ-टाकी, वेळ-अंतर-वेग, आकृत्या राहून जातात. वहीत हे लगेच दिसतं, सलग आठवडाभर १० पैकी ९ किंवा १० बरोबर येत असतील तर तुम्ही शिकत नाही, फक्त टिकमार्क करताय. उपाय सोपा आहे, प्रश्न स्वतः निवडायचेच नाहीत. आठवड्याचे टॉपिक रविवारी ठरवा आणि रोज त्या प्रकरणातले ओळीने १० घ्या, मधले सोडायचे नाहीत.

दुसरा म्हणजे संध्याकाळची घाई. दुपारी वेळ गेला, सात वाजता १८ पानं बाकी, मग झाकून आठवायचं सोडून नुसतं वाचत सुटायचं आणि रात्री ३२/३२ लिहायचं. याची खूण पेन्सिलच्या टिंबांत असते. सकाळच्या पानांवर सरासरी दोन टिंबं आणि संध्याकाळच्या पानांवर एकही नाही, असं दिसलं तर संध्याकाळची पानं झाकलीच नव्हती. ३२/१४ लिहिणं परवडलं, खोटे ३२ नको, कारण पुढच्या आठवड्याचा सगळा हिशोब या आकड्यावर बेतलेला असतो.

तिसरा जरा अवघड, कारण तो प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्याला पण होतो. पानं झाकून केली, टिंबं दिली, सगळं नीट, पण आठवड्याने परत विसरलं. हे पकडायला रविवारची टेस्ट. आठवड्यात केलेल्या पानांतून आणि प्रश्नांतून कसेही उचललेले २० प्रश्न, १२ मिनिटं, म्हणजे पेपरचाच वेग. शक्य असेल तर प्रश्न मित्राला काढायला सांगा आणि त्याचे तुम्ही काढा, स्वतः काढलेले प्रश्न आधीच अर्धे माहीत असतात. २० पैकी १४ किंवा जास्त आले तर आकडा खरा आहे. १४ च्या खाली आले तर पुढच्या आठवड्यात पानं कमी करा, ३२ ची २६ करा आणि त्या वाचलेल्या वेळात टिंबंवाल्या ओळी परत बघा. रोजची संख्या पूर्ण होतेय आणि रविवारी ११ येतायत, हे सगळ्यात फसवं चित्र आहे. अशा वेळी संख्या वाढवायचा मोह होतो आणि तो टाळायलाच हवा.

संख्या कधी वाढवायची? सलग चार दिवस टार्गेट वेळेच्या खूप आधी संपलं आणि रविवारची टेस्ट पण चांगली गेली, तर साधारण दहा टक्क्यांनी. कधी कमी करायची? सलग तीन दिवस अर्धवट राहिलं तर. एखादा दिवस वाईट गेला म्हणून आकडे बदलू नका, माणसाचे दिवस सारखे नसतात. आणि कमी केल्यावर मागून भागाकार परत करा, पहिली फेरी ३२ दिवसांऐवजी ३८ ला जाणार असेल तर दुसऱ्या फेरीतलं काय कापायचं ते आत्ताच ठरवा, शेवटच्या आठवड्यात ठरवायला गेलात तर घाबरून चुकीचं कापाल.

जिथे ही पद्धत चालत नाही

नवीन टॉपिक पहिल्यांदा समजून घेताना पानं मोजू नका. इकोमध्ये पहिल्यांदाच चलनविषयक धोरण वाचताय, रेपो रेट वाढला की बँकांच्या कर्जाचं काय होतं, हे एका पानाला पण तासभर घेऊ शकतं आणि घेऊ द्यावं. तिथे पानांचं टार्गेट लावलं की माणूस न समजता पाठ करायला लागतो. अशा ठिकाणी वेळेची मर्यादा घाला, दीड तास म्हणा, पण दीड तास झाले म्हणजे झालं असं नाही, शेवटी त्या टॉपिकवर स्वतः पाच प्रश्न तयार करता आले पाहिजेत. प्रश्न तयार होत नाहीत म्हणजे समजलेलं नाही, उद्या परत बसायचं. हे पाच प्रश्न जपून ठेवा, पुढच्या रविवारी कामाला येतात.

राज्यसेवा मेन्सला आता वर्णनात्मक पेपर आहेत, तिथे दोन्ही मापं अपुरी पडतात. तिथे एकक हे लिहून तपासलेलं उत्तर. रोज दोन उत्तरं वेळ लावून लिहिली आणि कुणाकडून तरी वाचून घेतली, तर ते त्या दिवसाचं टार्गेट. त्यातली आकडेमोड वेगळी आहे, इथे जास्त शिरत नाही.

आणि तास पूर्णपणे सोडायचे नाहीत, वरची मर्यादा म्हणून ठेवायचे. पहिल्या बैठकीपासून नऊ तास झाले की टार्गेट राहिलं असलं तरी वही बंद, राहिलेलं रविवारी. नाहीतर ३२ पानं पूर्ण करायची म्हणून रात्री दोनपर्यंत बसायचं, झोप चार तासांवर यायची, आणि दुसऱ्या दिवशीची ३२ तर होतच नाहीत पण आदल्या दिवशीचीही आठवत नाहीत.

शेवटचे दहा दिवस

इथे एकक बदलतं. पानं आणि सुटे प्रश्न बाजूला, आता एक पेपर आणि त्याचं अ‍ॅनालिसिस मिळून एक. एका दिवसाआड एक पूर्ण पेपर, पेपर ज्या वेळेला असतो त्याच वेळेला, ६० मिनिटं लावून, ओएमआर शीटवर गोल भरून, कारण १०० गोल भरायला पण काही मिनिटं जातात आणि ते घरी टिक मारताना कळत नाही. दहा दिवसांत पाच पेपर होतात, तेवढे पुरे. मधल्या दिवशी त्या पेपरचं अ‍ॅनालिसिस, तीच चार अक्षरं, आणि नोट्समधल्या फक्त टिंबं असलेल्या ओळी.

यात एक आकडा नवीन येतो, किती अटेम्प्ट केले. समजा पेपरमध्ये ८५ अटेम्प्ट, त्यातले ५५ बरोबर आणि ३० चूक, तर मार्क ५५ वजा साडेसात, म्हणजे ४७.५. आता त्या ८५ मध्ये अंदाजाने मारलेले किती होते ते मोजा, पेपर सोडवतानाच प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नांपुढे छोटी फुली करायची. समजा फुलीवाले २५ होते, त्यातले ५ बरोबर आले आणि २० चुकले. पाच मार्क मिळाले, पाच गेले, हातात शून्य, आणि त्या २५ प्रश्नांना दिलेली मिनिटं वर गेली, ज्यात शेवटची गणितं झाली असती. एक चतुर्थांश निगेटिव्हमध्ये पाचात एक बरोबर आला की बरोबरी होते, म्हणजे दोन ऑप्शन नक्की काढून टाकता आले असतील तर मारणं फायद्याचं, चारही सारखे वाटत असतील तर फायदा फार थोडा आणि वेळ जातो. तुमच्या फुल्यांमध्ये पाचात एक येतोय का दोन, हे पाच पेपरांच्या फुल्या एकत्र मोजल्या की दिसतं. तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि हॉलमध्ये किती अटेम्प्ट करायचे ते त्यावरून ठरवा, बाहेर बाकीचे किती मारणार म्हणतायत त्यावरून नाही.